घुम्या गप्प होता तेवढ्यात

आमच्या स्टुडिओतला मुख्य सर्व्हर इतका अबोल होता, की मौन धरून बसलेला साधू त्याच्यापुढे बडबड्या वाटावा. विचाराल तेवढंच उत्तर. स्वतःहून हूं नाही की चूं नाही. म्हणून त्याचं नाव घुम्या.

स्टुडिओ अंधेरीला, मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली बरण्यांची झाकणं बनवायचा कारखाना. दक्षिणेकडचे सिनेमे आम्ही मराठी-हिंदीत बोलके करायचो. माझ्याकडे म्हशी, भुतं आणि म्हातारे राजे यायचे. एकदा मी भूकंपाचाही आवाज दिला होता. त्या आवाजानं गोरेगावात दोन काचा तडकल्या असं म्हणतात. मी नाही म्हणत, झाकणवाले म्हणतात. तर अशा सगळ्या म्हशी, भुतं आणि भूकंप शेवटी घुम्याच्या पोटात जाऊन बसायचे, आणि रेकॉर्डिंगच्या खोल्यांमधली यंत्रं त्याच्याकडून हवं ते मागून घ्यायची.

घुम्याला सांभाळायला दोन माणसं. दत्ताराम सावंत मालवणकडचा, बाप लालबागला गिरणीत होता. स्वतः कांजूरला राहायचा. यंत्राला हात लावायच्या आधी तो हात पँटला पुसायचा, जसं कुणी देवळात शिरताना करतं. दुसरा देवदत्त, मुलुंडचा, इंजिनियर. जाळ्याच्या तारा, स्विच, राउटर त्याच्याकडे. दत्तारामचं कामच असं की घुम्यानं फालतू बोलू नये, म्हणून त्यानं त्याच्या सगळ्या चौकशा, सगळ्या हाका एकेक करून बंद केल्या होत्या. पत्ताही कायमचा ठरलेला. बाहेरचं वारं लागू नये म्हणून.

या दोघांचा एक रिवाज होता. चूक कुणाचीही असो, मालकीणबाईंसमोर दोघं एकत्र उभे राहायचे आणि म्हणायचे, आम्ही दोघांनी केलं. एकदा देवदत्तनं एका राजाचं अख्खं मरण पुसून टाकलं. राजा मी होतो, तीन वेळा मेलो होतो, चौथ्यांदा पुन्हा मरायला लागलं. तेव्हाही दोघांनी केलं. एकदा दत्तारामच्या हातून चहा सांडून एक माइक गेला. दोघांनी सांडला. मालकीणबाई म्हणजे सुलक्षणाताई. त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "एका कपातला चहा दोघांनी कसा सांडला ते मला कधी करून दाखवा." पण त्यापुढे काही विचारायच्या नाहीत. डबाही दोघांचा एकच. दत्तारामकडची तिसऱ्यांची उसळ, देवदत्तकडचं थालीपीठ. देवदत्तच्या आईला पत्ता नव्हता की मुलगा दुपारी समुद्र खातोय.

त्या वर्षी ताईंनी समोरचा गाळा घेतला आणि घुम्यासाठी नवी खोली केली. दोन एसी, काचेचं दार, दाराला कुलूप. जुन्या खोलीच्या छतातून वरून गेलेल्या पाइपाचं पाणी ठिबकायचं, तेव्हा खोली हवीच होती. पण ताईंनी सोबत आणखी एक गोष्ट जाहीर केली. नव्या खोलीला एक प्रमुख असेल, चावी त्याच्याकडे. कोण ते दसऱ्याला सांगेन.

त्या संध्याकाळी वसाहतीच्या फाटकापाशी दोघं चहा घेत होते, मी तिसरा. दत्ताराम म्हणाला की बाईंना सांगून टाकू, चावी दोघांना द्या नाहीतर कुणालाच नको. देवदत्त म्हणाला, "अर्थात रे. ते काय ठरवायची गोष्ट आहे का?" दत्तारामला एवढंच हवं होतं. तो त्या दिवशी इतका खूश, की त्यानं माझ्या चहाचे पैसे स्वतः दिले. असा प्रसंग अंधेरीच्या इतिहासात पुन्हा आलेला नाही.

दसरा उजाडला. अख्खा दिवस मुहूर्ताचा असतो, कुणीही सांगेल. पण ताईंना त्या मुहूर्तातलाही मुहूर्त हवा होता, दुपारचा विजय मुहूर्त. तेवढ्या वेळात घुम्या नव्या खोलीत जाऊन चालू झाला पाहिजे, आणि त्यातली एक फाइल ताईंनी स्वतःच्या हातानं रेकॉर्डिंगच्या खोलीतून उघडली पाहिजे. गुरुजी साकीनाक्याला अडकले. ते येऊन पूजा होईपर्यंत मुहूर्ताची शेपटी तेवढी हातात उरली.

घुम्याला बंद करून हलवायचं की चालूच हलवायचं, यावर आधी बोलणं झालं होतं. घुम्याच्या डिस्का जुन्या. एकदा फिरायच्या थांबल्या तर पुन्हा फिरतील याची खात्री नाही, असं दत्तारामचं म्हणणं. म्हणून त्यानं चाकाच्या ट्रॉलीवर खाली बॅटरी ठेवली, वर घुम्या, आणि चालू यंत्र पॅसेजपलीकडे ढकलत न्यायचं ठरवलं. देवदत्त हो म्हणाला होता. मी तिथेच होतो, माझ्या कानांनी ऐकलं.

सुट्टी असल्यामुळे सगळ्या यंत्रांवरच्या घुम्यातल्या फाइली बंद करून ठेवल्या होत्या. कुणाचंच त्याच्याशी काही बोलणं चालू नव्हतं. निघायच्या आधी देवदत्तनं रेकॉर्डिंगच्या खोलीतून एकदा हाक घालून बघितली, म्हणजे यंत्रावरून 'आहेस का?' असं विचारलं, घुम्यानं उत्तर दिलं. लगेच दत्तारामनं मागची केबल काढली, ट्रॉली ढकलली. ताई पुढे तबक घेऊन, गुरुजी मंत्र म्हणत, मी शंखाचा आवाज काढत. खरा शंख आणायला विसरले होते. पॅसेज ओलांडून काचेच्या दारातून आत, नवी केबल लावली, मागे हिरवा दिवा लागला. दत्तारामनं झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

ताई रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन बसल्या, फाइल उघडली. पडद्यावर चक्र फिरलं, फिरलं आणि मग आलं, सर्व्हर सापडत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेजारच्या यंत्रावरून केलं, तेच. देवदत्तनं हाक घातली, उत्तर नाही. नव्या खोलीत घुम्या घुं घुं करत चालू होता, दिवा हिरवा, माळ हलत होती. आणि बाहेरच्या जगाच्या लेखी तो मेलेला.

खोलीत असा सन्नाटा पडला की खालच्या कारखान्यात झाकण पडल्याचा आवाज आला. सुट्टीच्या दिवशी. ते कुणी पाडलं हे अजून कळलेलं नाही.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. ताईंचा चेहरा बघवेना. नवी खोली, आत्ताच झालेली पूजा, आणि पहिल्याच पावलाला यंत्र गेलं. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं?

दत्ताराम पुढे झाला. सवयीनं. तोंड उघडून 'आम्ही' म्हणाला आणि शेजारी बघितलं, कारण ते वाक्य एकट्यानं म्हणायची त्याला सवयच नव्हती.

देवदत्त म्हणाला, "ताई, मी याला सांगितलं होतं, बंद करून हलव. यानं ऐकलं नाही."

दत्तारामचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी आयुष्यभर लोकांच्या तोंडाला आवाज दिला, पण त्या तोंडात कुठला आवाज घालावा हे मला आजही सुचलेलं नाही.

ताईंनी विचारलं, आता? देवदत्त म्हणाला, "मला पाच मिनिटं द्या. मी आणतो त्याला." इतक्या शांतपणे म्हणाला की ताईंचा श्वास परत आला. मुहूर्त संपायला सहा-सात मिनिटं होती.

एव्हाना दत्ताराम घुम्यापाशी पोचला होता. त्याला काही कळत नव्हतं, पण आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं घुम्याच्याच कीबोर्डवरून बाहेर कुणाला तरी हाक घालून बघावी असं त्याला वाटलं. त्यानं हात पँटला पुसला आणि कीबोर्ड ओढला. पॅसेजमधून जाणाऱ्या देवदत्तनं ते काचेतून बघितलं. तो दारात आला, ताईंना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याला हात लावू नकोस. झालं तेवढं पुरे."

ताई म्हणाल्या, "दत्ताराम, बाजूला हो."

नोकरीच्या बावीस वर्षांत त्याला बाजूला हो म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तो बाजूला झाला. कीबोर्डची वायरही देवदत्तनं काढून नेली.

मग देवदत्त पॅसेजच्या टोकाच्या कपाटात शिरला. तिथे मुख्य स्विच, सगळ्या खोल्यांच्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. आतून दार लोटून घेतलं. आत खुडबुड ऐकू येत होती, मधेच एखादा ठोका. मी रोज खोटे आवाज काढून पोट भरतो, त्यामुळे मला त्या खुडबुडीत काहीतरी ओळखीचं वाटलं. पण त्या वेळी माझंही लक्ष गुरुजींच्या घड्याळाकडे होतं.

आणि घुम्या आला. ताईंच्या पडद्यावर फाइल उघडली, माझीच म्हैस हंबरली. मुहूर्तात. गुरुजींनी अक्षता टाकल्या, ताईंच्या डोळ्यांत पाणी. देवदत्त कपाटातून बाहेर आला तर कपाळ ओलं. कपाटात पंखा नसतो, घाम कुणालाही येईल. ताईंनी पदराला बांधलेली चावी सोडली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. दोघांना द्या असं म्हणाला नाही. दत्तारामकडे बघितलंही नाही.

दत्तारामनं पेढा खाल्ला, कारण दिलेला पेढा परत करत नाहीत, आणि तो घरी गेला.

पुढचे काही दिवस तो जुन्या खोलीतच बसायचा, ठिबकणाऱ्या छताखाली. डबा आणला नव्हता असं सांगायचा. मला म्हणाला की देवदत्त घाबरला असणार, घाबरल्यावर माणूस बोलून जातो. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला वेगळाच प्रश्न पडला होता. कपाटात देवदत्तनं केलं काय? दुरुस्त काय केलं? यंत्राचा माणूस. अपमानापेक्षा त्याला कारण सापडत नाही हे जास्त टोचत होतं.

एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यानं मला हाताला धरून नेलं. एक राखीव यंत्र त्यानं घुम्यासारखंच अबोल करून ठेवलं होतं, आणि घुम्या होता तिथेच, जुन्या खोलीतल्या छोट्या स्विचला जोडलं होतं. मला रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवून हाक घालायला लावली. उत्तर आलं. त्यानं केबल काढली, यंत्र चालूच पॅसेजपलीकडे नेऊन नव्या खोलीत लावलं. देवदत्तनं जेवायला जाताना कुलूप लावलं नव्हतं. मी हाक घातली. उत्तर नाही. मी घालतच राहिलो. तो माझ्या शेजारी येऊन बसला, हाताची घडी घालून. कुठेही गेला नाही, कशालाही हात लावला नाही. चार-साडेचार मिनिटांनी यंत्र आपलं आपण बोलायला लागलं.

"बघितलंस?" तो म्हणाला. आवाज इतका हलका की मला वाटलं तो खूश झाला.

मग त्यानं मला समजावलं. मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून छापून आलेला एक नंबर असतो, मॅक ॲड्रेस. मुख्य स्विच म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन. कुठल्या विंगमधून कोण बाहेर पडताना दिसलं ते तो लक्षात ठेवतो, आणि त्या माणसाचं पार्सल आलं की त्याच विंगमध्ये पाठवतो. घुम्या जुन्या खोलीच्या बाजूनं बोललेला त्यानं ऐकला होता. केबल काढली ती जुन्या खोलीतल्या छोट्या स्विचची. त्या छोट्या स्विचला कळलं. पण तिथून मुख्य स्विचकडे येणारी तार तशीच जिवंत, कारण दुसरी यंत्रंही तिच्यावरच. मुख्य स्विचला काय माहीत घुम्या उठून गेला? तो पार्सलं जुन्या खोलीतच पाठवत राहिला. तिथे घेणारा कोणी नाही, तिथेच मेली.

मी म्हटलं, पण आम्ही इतक्या हाका मारत होतो, तरी त्याला कळू नये? तो म्हणाला की हाका कितीही मारा, त्या मोजतच नाहीत. वॉचमन फक्त माणूस स्वतः बोलतो ते धरतो. आणि आपल्या हाका राउटरमधून जातात, त्याला घुम्याचा नंबर तासन्‌तास पाठ असतो. तो पाठ नसता तर त्यानं सगळ्या विंगांत ओरडून विचारलं असतं, घुम्या कुठे आहे. घुम्यानं ओ दिली असती, वॉचमनला लगेच नवी विंग कळली असती.

"आणि मग आपोआप कसा आला?"

"पाच मिनिटां तो आयकूक आलो नाय, की स्विच त्याका इसारता," दत्ताराम म्हणाला. मन हललं की तो मालवणीत जायचा. विसरला की कुठे पाठवावं कळत नाही, म्हणून पुढचं पार्सल सगळीकडे पाठवतो. नव्या खोलीतही पोचतं, घुम्या उत्तर देतो, आणि झालं, नवी जागा लक्षात राहिली. त्यात दुरुस्त करायचं काही नसतं. थांबायचं असतं.

मी म्हटलं, मग देवदत्तला तरी काय माहीत, त्यानंही काहीतरी खुडबुड केली आणि योगायोगानं आला.

त्यावर तो उठला. यंत्र पुन्हा जुन्या खोलीत नेलं, बोलतं केलं, पुन्हा नव्या खोलीत आणून लावलं. मी हाक घातली, उत्तर नाही. मग त्यानं त्या यंत्राच्या स्वतःच्या कीबोर्डवरून बाहेर एक हाक घातली. एकच. माझ्या पडद्यावर ताबडतोब उत्तर आलं. यंत्र स्वतः बोललं, स्विचनं ऐकलं, शिकला. पाच मिनिटं लागलीच नाहीत.

तो त्या कीबोर्डकडे बघत राहिला. मलाही तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यानं कीबोर्ड ओढला होता. एक बटण दाबलं असतं तर घुम्या ताईंसमोर, दत्तारामच्या हातून आला असता. आणि देवदत्त दारातून म्हणाला होता, हात लावू नकोस. वायरसुद्धा काढून नेली होती. पाच मिनिटं मागितली होती, दहा नाही, दोन नाही.

संध्याकाळी त्यानं देवदत्तला फाटकापाशी गाठलं. मी चहाच्या टपरीच्या मागे उभा राहिलो. चोरून ऐकत नव्हतो, पुढे ऊन होतं. संध्याकाळीही कधीकधी असतं.

दत्ताराम म्हणाला, "माका एकच खरा सांग. तुका म्हायत होता मा?"

देवदत्तनं आधी काय ते, कशाबद्दल असं केलं. मग दत्तारामनं नुसता कीबोर्ड शब्द उच्चारला आणि तो थांबला.

"पहिली हाक गेली नाही तेव्हा नाही कळलं," देवदत्त म्हणाला. "दिवा हिरवा बघितला तेव्हा कळलं."

"म्हणजे माझा नाव घेतलंस तेव्हा म्हायत होता."

"हो."

"तो परत येतलो, ह्याही."

"हो रे. येणारच होता, म्हणून तर. काही नुकसान होणार नव्हतं ना कुणाचं." मग तो भराभर बोलायला लागला. ताई दोघांना चावी देणारच नव्हत्या, त्यांनी ते जाहीर करायच्या आठवडाभर आधीच त्याला एकट्याला बोलावून सांगितलं होतं, तुम्हा दोघांतलं कोण ते मला अजून कळत नाही, एकटे कधी दिसतच नाही तुम्ही. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी होती. दत्तारामला तशीही चावीबिवीची हौस नव्हती. खोली दोघांचीच असणार होती, नाव फक्त एकाचं. "मला वाटलं तू समजून घेशील. तू नेहमी घेतोस."

दत्ताराम म्हणाला, "आठवडोभर आदी. म्हणजे त्या दिवशी हय चाय पित होतंस तेव्हाच?"

टपरीवाल्यानं दोन ग्लास पुढे केले होते, न मागता, रोजच्यासारखे. ते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम ताईंकडे गेला. तक्रार करायला नाही, कारण सांगायला. स्विच, वॉचमन, विसरणं, सगळं सांगितलं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या मूर्ख नव्हत्या, त्यांना सगळं कळलं. म्हणाल्या, "म्हणजे आपोआप आला. बरं. पण त्या वेळी माझ्यासमोर उभं राहून मी आणतो म्हणणारा एकच होता, दत्ताराम. तू शेजाऱ्याचं तोंड बघत होतास."

दत्तारामनं मान हलवली. तेही खरंच होतं.

तो नोकरी सोडून गेला असं मी पुष्कळ लोकांना रंगवून सांगितलंय. जाताना घुम्या त्याच्या मागे पॅसेजभर चालत आला, असंही सांगितलंय. तसं काही झालं नाही. कांजूरच्या घराचे हप्ते होते, तो तिथेच राहिला.

दिवाळीनंतर घुम्याची एक डिस्क कुरकुरायला लागली. ती नाडी फक्त दत्तारामला सापडायची. देवदत्त पॅसेज ओलांडून जुन्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, हातात चावी. म्हणाला, "दत्ता, येतोस का रे जरा?"

दत्ताराम लगेच उठला. हात पँटला पुसले, पेचकस घेतला.

"आलो, साहेब," तो म्हणाला. शुद्ध मराठीत, एकही वाकडा सूर नाही. "तुम्ही पुढे व्हा. आणि दार उघडून द्या, चावी तुमच्याकडे आहे."

देवदत्त हसला, थट्टा समजून. मग त्यानं दत्तारामच्या चेहऱ्याकडे बघितलं. म्हणाला, "काय रे हे, साहेब काय?"

"काय झालं, साहेब? डिस्क बघायची आहे ना?"

देवदत्तनं कुलूप उघडलं. दत्ताराम आत गेला, घुम्यापाशी खाली बसला आणि डिस्क नीट केली. वेळ लागला. तेवढा सगळा वेळ देवदत्त दारात उभा होता, काहीतरी आठवून सांगत होता, त्या पुसलेल्या राजाचं मरण वगैरे. दत्ताराम दर थोड्या वेळानं, अगदी नम्रपणे, हो साहेब म्हणत होता.